एकतीस चित्रांवरून एक पान : मूड बोर्डचे लेखी वर्णन कसे तयार करावे

गुहागरजवळच्या एका जुन्या कौलारू घरातल्या तीन खोल्या पाहुण्यांना राहण्यासाठी नव्याने सजवायच्या होत्या आणि मालकीणबाईंनी मूड बोर्ड म्हणून, म्हणजे हवे ते रूप दाखवण्यासाठी, एकतीस चित्रे पाठवली होती. गवंडी, सुतार आणि रंगारी या तिघांनाही ती दाखवली आणि तिघांनीही माना डोलावल्या. नंतर बोलताना कळले की गवंड्याने दगड पाहिला होता, सुताराने खाटांचे पाय पाहिले होते आणि रंगाऱ्याच्या लक्षात फक्त एका चित्रातला निळा दरवाजा राहिला होता. मूड बोर्ड बघणाऱ्याला त्याच्या कामापुरते काहीतरी दिसतेच. त्यातले घ्यायचे काय आणि सोडायचे काय हे मात्र चित्र सांगत नाही. ते सांगण्यासाठी लेखी वर्णन लागते. अशा वर्णनापर्यंत कसे पोहोचावे, ते याच घराच्या उदाहरणाने पुढे मांडले आहे.

त्याआधी माझीच एक फजिती सांगितली पाहिजे. व्यवसायाच्या सुरुवातीच्या वर्षांत एका बैठकीच्या खोलीसाठी मी 'मातकट, उबदार आणि साधे' एवढेच लिहून दिले होते. रंगाऱ्याने चारही भिंतींना विटकरी रंगाचा तयार टेक्स्चर पेंट लावला. त्याचे काहीही चुकले नव्हते, कारण तो रंग मातकट होता, उबदार होता आणि एकाच डब्यातला असल्यामुळे साधाही होता. तेव्हापासून वर्णनातल्या प्रत्येक वाक्याला मी एक प्रश्न विचारते : हे वाक्य वाचून दुकानातली कोणती वस्तू परत ठेवावी लागेल? 'उबदार' वाचून काहीच परत ठेवावे लागत नाही. 'खोलीतली सर्वांत उजळ गोष्ट छत नसावे' हे वाक्य वाचले, की पांढऱ्या फॉल्स सीलिंगचा विषयच संपतो.

आधी वाचणारा ठरवावा

एकाच मूड बोर्डवरून छायाचित्रकारासाठी, कपडेपटासाठी आणि गवंड्यासाठी लिहिलेली वर्णने एकसारखी नसतात. छायाचित्रकाराला प्रकाशाची दिशा आणि सावलीची धार हवी असते, तर गवंड्याला पृष्ठभाग ओला असताना आणि वाळल्यावर कसा दिसला पाहिजे हे हवे असते. या घराचे वर्णन वाचणार होते तीन कारागीर आणि पडद्यांपासून पेल्यांपर्यंत सगळी खरेदी करणाऱ्या स्वतः मालकीणबाई. शिवाय ते बऱ्याचदा फोनवरून मोठ्याने वाचून दाखवले जाणार होते, त्यामुळे त्याची मर्यादा अडीचशे शब्दांची ठरवली. शैलींची नावे वर्ज्य केली. 'बोहेमियन', 'रस्टिक', 'वाबी-साबी' अशा शब्दांनी रचनाकारांचे आपापसात भागते; सुताराला त्यातून लाकडाला पॉलिश करायचे की तेल लावायचे हे कळत नाही.

चित्रांची उलटतपासणी

दुसरी पायरी चित्रे कमी करण्याची आहे आणि ती घाईने उरकू नये. प्रत्येक चित्रासमोर, ते निवडणाऱ्या माणसाने, त्याच्याच शब्दांत एक वाक्य लिहावे : यातले मला नेमके काय आवडले? हे वाक्य रचनाकाराने लिहू नये, कारण आपण लिहिले तर आपल्याला आवडलेले लिहितो.

त्यानंतर अंगठ्याची परीक्षा घ्यावी. चित्राची छापील प्रत हातात घ्यायची आणि सर्वांत आधी नजर जाते ती जागा अंगठ्याने झाकायची. उरलेले चित्र अजूनही हवेसे वाटते का ते पाहायचे. एका चित्रात खिडकीशी ठेवलेला पलंग होता आणि खिडकीबाहेर समुद्र. समुद्र झाकल्यावर पांढरी चादर घातलेला एक अगदी सामान्य पलंग उरला. मालकीणबाई हसल्या आणि म्हणाल्या, "म्हणजे मला समुद्रच हवा होता, आणि तो तर आपल्याकडे आहेच!" या परीक्षेत अकरा चित्रे बाद झाली. कुणाचे आकर्षण खिडकीबाहेर होते, कुणाचे केळीच्या पानांत, तर एकाचे न्याहारीच्या ताटात. उरलेल्या वीस चित्रांपैकी सात जवळजवळ सारखीच होती, सगळ्यांत वेताचा झोपाळा. त्यातले एक ठेवले. चौदा उरली.

याच टप्प्यावर एक मागणी आवर्जून करावी, ती म्हणजे त्या जागेचाच एखादा जुना फोटो. इंटरनेटवरच्या चित्रांतला प्रकाश दुसऱ्या कुठल्यातरी देशातला असतो. तो आपल्या खोलीत येईलच असे नाही. मालकीणबाईंनी खूप शोधून त्यांच्या आजीचा एक फोटो आणला. एप्रिल-मेच्या उन्हात आजी खळ्यात आमसुले वाळत घालते आहे, मागे पडवी आहे आणि पडवीच्या आत काळोखात फक्त पितळी घागरीची एक कड चमकते आहे. पुढे सगळे वर्णन या फोटोभोवती उभे राहिले.

चित्रे एकमेकांशी भांडतात तिथे थांबावे

चौदा चित्रांपैकी पाच एजियन समुद्रातल्या ग्रीक बेटांवरच्या पांढऱ्याशुभ्र घरांची होती आणि बाकीची जवळजवळ सगळी काळोख्या, लाकडी, खाली उतरत्या छपरांच्या घरांची. दोन्ही सुंदर होती, पण एका खोलीत नांदणार नव्हती. बेटांवरच्या खोल्यांत भिंत हीच सर्वांत उजळ गोष्ट असते आणि प्रकाश सगळीकडून येतो. कोकणातल्या घरात छपराची पाखी इतकी खाली येते की आभाळाचा प्रकाश सरळ आत शिरतच नाही; तो खळ्यातल्या तांबड्या जमिनीवर आपटून, तिचा रंग घेऊन, खालून वर येतो. अशा खोलीत पांढऱ्या भिंती पांढऱ्या दिसत नाहीत, दिवसभर करड्या आणि संध्याकाळी गुलाबट दिसतात.

अशा वेळी 'दोन्हींचा मेळ घालू' असे लिहिणे ही पळवाट आहे. त्याऐवजी मालकीणबाईंनी त्या पाच चित्रांसमोर लिहिलेली वाक्ये पुन्हा वाचली. एकातही 'पांढरे' हा शब्द नव्हता. होते ते असे : 'बसायचा कट्टा भिंतीतूनच निघालाय', 'कुठे कोपरा टोचत नाही', 'टेबलखुर्ची नाही तरी बसायला जागा आहे'. त्यांना रंग नव्हे, तर भिंत आणि बैठक यांच्यातला सांधा नसणे आवडले होते. पाचही चित्रे काढून टाकली, आणि 'भिंतीतून निघणारा गोलसर कडेचा कट्टा' एवढी नोंद ठेवली. उरली नऊ चित्रे आणि दहावा आजीचा फोटो.

पाहण्याची मोजदाद

आता या दहा चित्रांत समान काय आहे ते शोधायचे. सर्वप्रथम फोनमधल्या फोटो एडिटरमध्ये सॅच्युरेशन शून्यावर आणून सगळी चित्रे कृष्णधवल करावीत आणि डोळे किलकिले करून पाहावीत. रंग निघून गेल्यावर उजेड-काळोखाची मांडणी उघडी पडते आणि चित्रांचे खरे नाते बहुतेक वेळा तिथेच सापडते. आमच्या दहांपैकी आठ चित्रांत वरचा भाग काळोखा होता, भिंत मध्यम होती आणि सर्वांत उजळ जागा दाराजवळची जमीन होती. जपानी खोली, श्रीलंकेतला व्हरांडा, मोरोक्कोतले न्हाणीघर आणि आजीची पडवी यांना जोडणारा धागा हाच होता. रंगीत चित्रे पाहताना तो कुणालाच दिसला नव्हता.

त्यानंतर रंगांचे प्रमाण मोजावे. प्रत्येक चित्रावर उभ्या-आडव्या दहा-दहा घरांची जाळी टाकली की शंभर चौकोन होतात. प्रत्येक चौकोनात मुख्य रंग कोणता ते मोजले की टक्केवारी आपोआप मिळते. एका चित्राला दहा मिनिटे लागतात आणि काम कंटाळवाणे आहे, पण ते केल्याशिवाय लिहू नये. आपली आठवण चमकत्या रंगाला फार मोठे करते. रंगाऱ्याच्या लक्षात फक्त निळा दरवाजा राहिला होता. ते चित्र शेवटच्या दहांत टिकले होते आणि त्यात निळ्याचे चौकोन निघाले फक्त चार. दहाही चित्रांची सरासरी काढली तेव्हा काळपट लाकूड आणि सावली मिळून साधारण पंचेचाळीस, चुन्याची भिंत तीस, तांबडी जमीन वीस, आणि पितळ, हिरवे, निळे सगळे मिळून पाच, असा हिशेब आला. हे पाच टक्के बोर्डवर पाहताना निम्मे वाटत होते.

एक सावधगिरी इथेच सांगून ठेवते. चित्रातला रंग फोटो एडिटरमधल्या आय-ड्रॉपरने उचलून रंगाच्या दुकानात नेऊ नये. तीच चुन्याची भिंत सकाळच्या फोटोत निळसर आणि पिवळ्या बल्बखाली साखरभातासारखी दिसते. शिवाय टाकणाऱ्याने फिल्टर लावलेला असतो तो वेगळाच. चित्र किती खरे आहे हे ओळखायची सोपी युक्ती म्हणजे ज्या वस्तूचा रंग आपल्याला पक्का ठाऊक आहे ती त्यात शोधणे, उदाहरणार्थ साधा भात, दूध, वर्तमानपत्र, कोरा कागद. भातच पिवळा दिसत असेल तर भिंतही तेवढीच पिवळी झालेली आहे असे समजावे. मापांचेही तसेच असते. चौकटीच्या कडेजवळची गोल थाळी लांबट झालेली दिसली की लेन्स वाइड अँगल आहे आणि खोली दिसते त्याहून लहान आहे.

नावे वस्तूंवरून घ्यावीत

मोजून झाल्यावर शब्द शोधायचे. रंगाला विशेषण लावण्यापेक्षा वस्तूचे नाव देणे ही जुनी आणि पारखलेली रीत आहे. एडिंबऱ्याचा चित्रकार पॅट्रिक साइम याने १८१४ मध्ये खनिजतज्ज्ञ व्हर्नर याच्या पद्धतीवर रंगनामांचे एक पुस्तक तयार केले. त्यात रंगाच्या नमुन्यासमोर, तो रंग कोणत्या प्राण्यात, कोणत्या वनस्पतीत आणि कोणत्या खनिजात आढळतो ते दिलेले होते. चार्ल्स डार्विनने बीगल जहाजावरच्या प्रवासात रंगांच्या नोंदी करताना हे पुस्तक वापरले. वाचणाऱ्यासमोर ती वस्तू असेल, निदान त्याने ती कधीतरी पाहिलेली असेल, तर चित्राशिवायही रंग पोहोचतो.

मराठीत याची तयारी साड्यांनी आधीच करून ठेवलेली आहे : आमसुली, अंजिरी, डाळिंबी, अबोली, मोतिया, बदामी, मोरपंखी. पण ही नावेही तपासून घ्यावी लागतात. 'चिंतामणी' म्हणताच तीन जणी तीन निळ्या छटा दाखवतात. 'आमसुली'वर तर आमचाच वाद झाला. ताज्या रातांब्याची साल लालजांभळी असते, वाळून तयार झालेले आमसूल जवळजवळ काळे असते आणि कपड्यातला आमसुली या दोघांच्या मधला. म्हणून नुसते 'आमसुली' न लिहिता 'वाळलेल्या आमसुलाचा काळपट रंग' असे लिहिले. वस्तू कोणत्या अवस्थेतली, ओली की वाळलेली, नवी की वापरलेली, हे सांगितल्याशिवाय तिच्या नावाचा उपयोग अर्धाच होतो.

पृष्ठभागांसाठी मराठी याहूनही उदार आहे आणि इथे विशेषणे चालतात, कारण ती हाताने पडताळता येतात. घोटलेला, सारवलेला, रापलेला, खरखरीत, तुकतुकीत, ओशट या प्रत्येक शब्दात कुठलीतरी कृती किंवा स्पर्श आहे. 'रापलेले लाकूड' म्हटले की नवे चकचकीत सागवान बाद होते. मोरोक्कोतल्या न्हाणीघराच्या भिंती ओलसर, गुळगुळीत आणि किंचित लहरत्या होत्या; ते ताडेलाक्त नावाचे चुन्याचे काम, जे दगडाने घोटून आणि साबण चोळून पाणी धरू नये असे करतात. त्याचे नाव वर्णनात घालायचा मोह झाला होता. गवंडीकाकांना ते नाव ठाऊक नव्हते, पण घोटलेला कोबा त्यांनी आयुष्यभर केला होता. नाव काढून टाकले आणि 'घोटलेला' ठेवला.

लिहिण्याचा क्रम

वर्णन प्रकाशापासून सुरू करावे, मग मोठे पृष्ठभाग, मग बैठका आणि लाकूड, मग लहान रंग आणि सर्वांत शेवटी नकार, असा माझा क्रम आहे. रंगाने सुरुवात केली की वाचणारा तिथेच थांबतो आणि डबे आणायला जातो. वाक्ये पूर्ण असावीत. सुट्या शब्दांच्या यादीतून प्रत्येक जण आपल्याला हवा तो शब्द उचलतो. आणि प्रत्येक वाक्याला चित्रांचा आधार असावा : कच्च्या मसुद्यात मी समासात चित्रांचे क्रमांक लिहिते, आणि ज्या वाक्याला किमान तीन चित्रांचा किंवा लिहून ठेवलेल्या एखाद्या आवडीचा आधार नाही ते खोडते. आमचा मजकूर असा तयार झाला :

'खोलीतला प्रकाश दारातून, बाजूने आणि खालून येतो. सर्वांत उजळ जागा दाराजवळची जमीन असावी आणि छत सर्वांत काळोखे. रात्रीचे दिवे डोळ्यांच्या उंचीच्या खाली, पिवळसर, २७०० केल्व्हिनचे असावेत. छताला दिवा नाही. जमीन तांबडा घोटलेला कोबा, तुकतुकीत पण आरशासारखी नाही, अनवाणी चालून गुळगुळीत झाल्यासारखी. भिंतींना चुना, त्यात किंचित पिवडी. वाळल्यावर रंग जुन्या धोतराचा दिसावा, नव्या कागदाचा नाही. ब्रशचे फटकारे दिसले तरी चालतील. बसण्यासाठी खुर्च्यांऐवजी भिंतीतूनच निघणारा कट्टा, कडा गोलसर, हात फिरवला तर कुठे अडकू नये. सगळे लाकूड वाळलेल्या आमसुलाच्या काळपट रंगाचे, तेल पाजलेले, पॉलिश नाही. खोलीत तेजस्वी गोष्ट एका वेळी एकच : एक पितळी भांडे, किंवा एक निळी चादर, किंवा एक फांदी. काच, क्रोम, छापील फुले आणि मुद्दाम जुनाट केलेले नवे फर्निचर नको.'

शेवटच्या वाक्यातला नकार मी चार गोष्टींवर थांबवला आहे. नकारांची यादी लांबली की वर्णन नियमावलीसारखे वाचले जाते, आणि लोक यादीत नसलेली पाचवी गोष्ट बेधडक घेऊन येतात.

बोर्ड लपवून परीक्षा

वर्णन बरोबर जमले का, हे ज्याने बोर्ड पाहिलेला नाही त्याच्याकडूनच कळते. मजकूर एका सहकाऱ्याला दिला आणि त्यावरून बारा चित्रे शोधून आणायला सांगितली. आठ चित्रे अशी होती की आमच्या बोर्डवर चिकटवली असती तर उपरी वाटली नसती. चुकलेल्या चार चित्रांत मात्र एकच गोष्ट समान होती, आणि चुका अशा एकाच जागी होतात तेव्हा दोष वाचणाऱ्याचा नसून मजकुराचा असतो. चारही ठिकाणी खोली रिकामी, मठासारखी झाली होती : गादी पातळ, उशी एक, पडदा नाही. 'एका वेळी एकच' हे वाक्य त्याने सगळ्याच गोष्टींना लावले होते. म्हणून त्यानंतर एक वाक्य वाढवले : 'अंथरूण-पांघरूण मात्र भरपूर, जाड, हातमागाचे, धुऊन मऊ झालेले.' दुसऱ्या एका मैत्रिणीला दिल्यावर तिने आणलेल्या बारापैकी अकरा चित्रे जुळली. त्यापुढे घासत बसण्यात अर्थ नव्हता.

शब्दांची मर्यादा जिथे येते तिथे नमुना करावा. चुन्याचा थर ओला असताना गडद दिसतो आणि वाळताना उजळतो, त्यामुळे ओल्या भिंतीसमोर उभे राहून होकार-नकार देऊ नये. रंगाऱ्याने खोलीच्या दोन भिंतींवर, एक दाराजवळची आणि एक आतली, हातभर लांबी-रुंदीचे तीन-तीन पट्टे दोन हात देऊन काढले, आणि आम्ही ते दुसऱ्या दिवशी सकाळी, दुपारी आणि दिवा लावल्यावर पाहिले. दाराजवळच्या भिंतीवर मधला पट्टा जुन्या धोतरासारखा होता. आतल्या भिंतीवर तोच मळका दिसला आणि तिथे फिकट पट्टा बरोबर ठरला. म्हणजे एकच रंग दिसण्यासाठी दोन भिंतींना पिवडीचे प्रमाण वेगवेगळे ठेवावे लागले. वर्णन बदलले नाही, कारण त्यात दिसायचा रंग लिहिला होता, डब्यातला नव्हे.

ते पान पुढे कामाच्या जागी कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेले होते. काम संपल्यावर ते काढताना पाहिले, तर 'जुन्या धोतराचा' या शब्दांखाली रंगाऱ्याने पेन्सिलीने लिहून ठेवले होते : दाराकडे बादलीला दोन मुठी, आत एक.